चढतीचे ६८ आणि उतरतीचे ६८: दारूच्या ‘किक’बद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

> ‘दारूला उगाच बदनाम करतात. दारू मेंदूला चालना देते, म्हणून तर दोन पेगनंतर माणूस खुलतो. तरतरी ओसरायला लागली की अजून एक छोटा मारायचा, किक परत येते. जेवण झालं, तास-दीड तास गेला, डोकं हलकं वाटलं की गाडी चालवायला हरकत नाही. ज्याला चढतच नाही त्याला तर भीतीच नाही. आणि झोपण्याआधी एक पेग म्हणजे झोपेच्या गोळीपेक्षा बरा.’

हा मेसेज मला तीन ग्रुपवरून आला. त्यातला एक माझ्या शाळेच्या बॅचचा, म्हणजे ज्यांच्यासोबत मी लहानाचा मोठा झालो त्यांचा. मी भूलतज्ज्ञ आहे. शुद्धीतला माणूस गुंगीत कसा जातो आणि गुंगीतून परत कसा येतो, हे रोज डोळ्यांत तेल घालून पाहणं हेच माझं काम. त्यामुळे या मेसेजला नुसता अंगठा दाखवून पुढे जाणं मला जमलं नाही. यातलं प्रत्येक वाक्य कुणाच्या ना कुणाच्या खऱ्या अनुभवातून आलंय, हे मला मान्य आहे. पण त्या अनुभवातून काढलेला अर्थ चुकीचा आहे, आणि काही ठिकाणी जिवावर बेतणारा आहे.

माणूस खुलतो, ते कशामुळे

पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात येणारी तरतरी खरी असते. ती केवळ मनाचा खेळ आहे असं म्हणणारे डॉक्टरही अर्धवट सांगतात. संशोधक ती मोजतात. १९९३ साली तयार झालेली एक प्रश्नावली आजही वापरली जाते, तिच्यात चौदा शब्द आहेत. सात उत्तेजनाचे: उत्साही, बोलकं, जोमदार वाटणं, अशा जातीचे. सात गुंगीचे: डोकं जड, विचार मंद, अंग सुस्त, असे. पिणाऱ्याला ठरावीक वेळाने विचारतात की यातलं काय किती वाटतंय. रक्तातलं दारूचं प्रमाण चढत असतं तेव्हा बऱ्याच जणांचे पहिल्या सातांना जास्त गुण पडतात, आणि प्रमाण उतरायला लागलं की दुसऱ्या सातांना. एकाच पदार्थाची ही दोन तोंडं आहेत. सगळ्यांनाच पहिलं तोंड दिसतं असंही नाही. काही जणांना पहिल्या पेगपासून झोपच येते.

आता आत काय घडतं ते पाहू. मेंदूत पेशींना शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं आणि त्यांना चेतवणारं ग्लुटामेट असतं. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटचा एक महत्त्वाचा मार्ग अडवते. म्हणजे एकूण काम मंद करण्याचंच. मग सुरुवातीला माणूस खुलतो कसा? याची दोन कारणं एकमेकांत मिसळलेली आहेत. एक, कपाळामागचा जो भाग आपल्याला ‘हे बोलू नको, इथे थांब’ असं सांगत असतो, त्याचं काम थोड्या दारूतही ढिलं पडतं. लगाम सुटला की घोडा जास्त पळतो, त्यात घोड्याची ताकद वाढलेली नसते. दोन, बक्षिसाची जाणीव देणाऱ्या मेंदूच्या भागात डोपामीन सुटतं आणि शरीराची स्वतःची अफूसारखी रसायनंही सुटतात. हे दुसरं कारण खरं आहे याचा एक पुरावा नाल्ट्रेक्झोन या औषधातून मिळतो. ते औषध त्या अफूसारख्या रसायनांची जागा अडवतं, आणि ते घेऊन प्यायलेले बरेच लोक सांगतात की आज मजा आली नाही.

आम्हा भूल देणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. ईथरच्या काळात आर्थर ग्वेडेल या अमेरिकन डॉक्टरने भुलेचे चार टप्पे मांडले, त्यातला दुसरा टप्पा उत्तेजनाचा. शुद्ध हरपत असताना, पण खोल भूल लागण्याआधी, रुग्ण बरळतो, हातपाय झाडतो, कधी उठून बसू पाहतो. आजच्या औषधांनी हा टप्पा आम्ही झटकन ओलांडतो, तरी नाकावर मास्क धरून भूल देताना लहान मुलांत तो दिसतो. पाय झाडणाऱ्या त्या पोराकडे पाहून कुणी म्हणत नाही की भुलेच्या औषधाने मेंदूला चालना दिली. बाहेरून आवरणारा भाग आधी झोपलेला असतो, एवढंच.

तरतरी असतानाच माणसाची चपळता मोजली तर ती वाढलेली सापडत नाही. दोन कामांकडे एकाच वेळी लक्ष ठेवायला सांगितलं की चुका वाढलेल्या असतात. वाटणं आणि असणं यांच्यातली ही फट पुढे सगळ्या मुद्द्यांत येणार आहे.

‘अजून एक छोटा’ आणि एका क्वार्टरचा हिशोब

इथे एक उदाहरण आकड्यांनिशी मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आपल्याकडची व्हिस्की किंवा रम साधारणपणे ४२.८ टक्क्यांची असते. तिच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, मोठ्या पेगमध्ये २०. म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६१ ग्रॅम. (बिअरला हलकी समजणाऱ्यांसाठी सांगतो: ६५० मिलीच्या ८ टक्के स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग. दोन बाटल्या म्हणजे क्वार्टरच्या कितीतरी वर.)

समजा सत्तर किलोचा एक गृहस्थ मित्राकडे बसला आहे. पहिला मोठा पेग आठ वाजता, दुसरा पावणेनऊला, तिसरा साडेनऊला. क्वार्टर संपली. प्रत्येक मोठ्या पेगने त्याच्या १०० मिली रक्तात सुमारे ४३ मिलिग्रॅम अल्कोहोलची भर पडते. आणि त्याचं यकृत तासाला साधारण १५ या वेगाने ते कमी करत राहतं. कुणाचं यकृत दहाने करेल, कुणाचं वीसने. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, घाम गाळणं, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही.

सव्वानऊला, दोन पेग पोटात असताना, त्याचा आकडा ६८ च्या आसपास असेल. गप्पा रंगल्या आहेत, जुन्या मास्तरांच्या नकला चालल्या आहेत. साडेदहाला, क्वार्टर रक्तात उतरल्यावर, आकडा ९० च्या आसपास. इथून उतार सुरू होतो. गृहस्थाला वाटतं, आता मैफल बसत चालली. आवाज कमी झाला, डोकं किंचित जड आहे. हीच ती घडी, जेव्हा मेसेजमधला छोटा पेग पुढे येतो.

तो घेतल्याने सव्वानऊची तरतरी परत का येत नाही, याची कारणं तीन. पहिलं म्हणजे तरतरी ही आकड्याच्या उंचीपेक्षा त्याच्या चढण्याशी बांधलेली असते, आणि तीही खालच्या पातळीवरच्या चढण्याशी. शून्यावरून साठकडे जाताना लगाम सुटतो. नव्वदवरून पुढे जाताना लगाम आधीच सुटलेला असतो, आता घोडाच पेंगायला लागलेला असतो. दुसरं, मेंदू त्या एका बैठकीतच दारूशी जुळवून घेतो, आणि हे जुळवून घेणं आधी मौजेच्या बाजूला जाणवतं. तीच मात्रा दोन तासांनी तेवढी मजा देत नाही. तिसरं कारण सगळ्यात साधं आहे आणि सगळ्यात जास्त फसवतं. निर्णय घेताना आधीचा पेग पूर्ण रक्तात आलेला नसतो. दारू पोटातून रक्तात यायला अर्धा तास ते तास-दीड तास लागतो. ‘अजून काही झालं नाही’ असं वाटतं त्या वेळी होणारं वाटेत असतं.

त्या छोट्या पेगने नक्की काय मिळतं तेही बघा. आकडा २१ ने वाढतो. तो फेडायला यकृताला जवळजवळ दीड तास जादा लागतो. दहा-पंधरा मिनिटं किंचित ऊब वाटेल, त्यापलीकडे वाढते ती गुंगी, अडखळणं आणि दुसऱ्या दिवसाचं डोकं.

पिणारच असाल तर आकड्याच्या या चढ-उताराच्या वक्रातून निघणारी एक उपयोगाची गोष्ट आहे. आपल्याकडे आधी पिणं, सोबत चार शेंगदाणे आणि एखादा चकणा, आणि जेवण सगळ्यात शेवटी, रात्री अकराला. हा क्रम शरीराच्या दृष्टीने उलटा आहे. पोटात जेवण असताना दारू आतड्यात हळू सरकते, आकडा हळू चढतो आणि त्याचं शिखरही बुटकं राहतं. अकराला खाल्लेली मटणाची थाळी आधीच रक्तात गेलेली दारू शोषून परत घेत नाही. ‘वर जेवलो की उतरते’ ही समजूत इथूनच मोडते. आणि ज्यांना किक आवडते तेच लोक मुद्दाम रिकाम्या पोटी, पटापट घेतात, कारण चढ जितका उभा तितकी तरतरी जास्त. पण त्या चढाचं टोकही तितकंच उंच असतं, तिथवर जाण्याचा त्यांचा विचार असो वा नसो.

हा हिशोब सत्तर किलोच्या पुरुषाचा आहे. शरीरातल्या पाण्याचं प्रमाण कमी असल्याने ५५ किलोच्या बाईसाठी हीच क्वार्टर यकृताची वजावट धरण्याआधी १२८ ऐवजी २०० च्या आसपास जाते. नवरा-बायकोने ‘आपण दोघांनी सारखीच घेतली’ म्हणणं ग्लासापुरतं खरं असतं.

‘उतरली’ असं वाटणं

मेसेजमधलं गाडीबद्दलचं वाक्य वाचून मी फोन बाजूला ठेवला होता. यावर जरा थांबून लिहितो.

आपला गृहस्थ साडेदहाला थांबला, जेवला, बडीशेप खाल्ली. रात्रीचे बारा वाजले. त्याचा आकडा आता पुन्हा ६८ आहे. सव्वानऊला होता तोच. पण सव्वानऊला त्याला कुणी किल्ली दिली असती तर तो स्वतःच म्हणाला असता, ‘नको रे, मला चढलीय.’ बाराला तो म्हणतो, ‘आता एकदम ओके आहे.’ रक्तातली दारू तेवढीच, पण जाणीव वेगळी.

एडवर्ड मेलनबी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९१९ साली हे कुत्र्यांवरच्या प्रयोगांत नोंदवलं. रक्तातलं प्रमाण सारखंच असलं तरी चढत्या बाजूला झिंग जास्त दिसते, उतरत्या बाजूला कमी. आजही याला त्याचंच नाव आहे. (मुडदूस आणि ड जीवनसत्त्व यांचा संबंध दाखवणारा मेलनबी तो हाच.) नंतर माणसांवर अभ्यास झाले तेव्हा एक बारकावा कळला, आणि तोच महत्त्वाचा आहे. उतरतीला सगळं सारखं सुधारत नाही. ‘मला किती चढलीय’ ही जाणीव सगळ्यात आधी ओसरते. हातापायांचा ताळमेळही बऱ्यापैकी परत येतो. पण सुरू झालेली कृती ऐन वेळी थांबवण्याची क्षमता परत येत नाही. ती चढतीला जितकी बिघडलेली होती तितकीच उतरतीला बिघडलेली सापडते. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात मार्क फिलमोर यांच्या प्रयोगशाळेत लोकांना आभासी गाडी चालवायला देऊन हे तपासलं गेलं. उतरतीला लोक गाडी चालवायला जास्त तयार होते, आपल्याला कमी चढलीय असं सांगत होते, आणि चालवणं मात्र सुधारलेलं नव्हतं.

रस्त्यावर याचा अर्थ काय होतो? बाराच्या सुमारास आपला गृहस्थ सरळ रेषेत चालून दाखवेल, कुलूप पहिल्या झटक्यात उघडेल, मित्राच्या बायकोला नीट ‘वहिनी, येतो’ म्हणेल. घरातले सगळे समाधानी. या सगळ्या परीक्षा त्याच कौशल्यांच्या आहेत जी लवकर सुधारतात. पुढे अंधारात ट्रॉलीमागून सायकलवाला अचानक आडवा येतो तेव्हा ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून ब्रेकवर नेण्याचं काम दुसऱ्याच कौशल्याचं असतं. ते अजून दारूत आहे, आणि ते तपासायची सोय कुणाच्याही दिवाणखान्यात नसते.

त्यामुळे ‘मला कसं वाटतंय’ हा निकष गाडीच्या बाबतीत वापरताच येत नाही. घड्याळ थोडंफार उपयोगी पडतं. आपल्या मोटर वाहन कायद्यात मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. आपल्या गृहस्थाचा आकडा तिच्याखाली जायला रात्रीचे अडीच वाजतात, आणि शून्यावर यायला पहाटेचे साडेचार. त्याने तो छोटा पेग घेतला असता तर हेच पहाटेचे चार आणि सकाळचे सहा झाले असते. हे सरासरी वेगाने काढलेले अंदाज आहेत, यकृत सावकाश चालणाऱ्याला यापेक्षा दोन-चार तास जास्त लागू शकतात. म्हणून या आकडेमोडीवरून ‘माझे २८ झाले असतील’ असं ठरवून किल्ली हातात घेऊ नका. ती मांडली आहे ती एवढ्यासाठी, की मेसेजमधला तास-दीड तास आणि खरा सहा-आठ तासांचा काळ यांतलं अंतर डोळ्यांसमोर यावं. पहाटे लवकर निघणाऱ्या ड्रायव्हरांना मी हे आवर्जून सांगतो. रात्री एकला संपलेली बैठक सकाळी सातला रक्तात असू शकते, झोप झालेली असली तरी.

कडक कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक घेऊन निघणाऱ्यांचंही असंच होतं. कॅफीन गुंगी झाकतं. आकडा जिथे होता तिथेच राहतो. उतरतीची गुंगी ही निदान थांबायला सांगणारी एक खूण होती, तीही त्यांनी पुसलेली असते.

‘मला चढतच नाही’

प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक मित्र असतो. त्याच्या कॅपॅसिटीचं कौतुक होतं, सगळ्यांना घरी सोडायची जबाबदारी त्याच्यावर येते. मेसेजवाल्यालाही तो सुरक्षित वाटतो. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

शिकागो विद्यापीठात अँड्रिया किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिणाऱ्या १९० तरुणांना प्रयोगशाळेत ठरावीक मात्रेत दारू देऊन त्यांना काय वाटतं ते नोंदवलं, आणि मग वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. ज्यांना उत्तेजन जास्त वाटत होतं आणि गुंगी कमी, त्यांच्यात पुढे दारूचं व्यसन जडण्याचं प्रमाण जास्त निघालं. पाच आणि दहा वर्षांनी पुन्हा तीच चाचणी केली, तेव्हा व्यसन जडलेल्यांना दारूची मजा कमी वाटत नव्हती. जोरात चढायची ती चढतच होती, गुंगी मात्र कमीच होती. त्याआधी कॅलिफोर्नियात मार्क शुकिट यांनी दारुड्या वडिलांच्या मुलग्यांमध्ये अशीच गोष्ट पाहिली होती: ठरावीक मात्रेला ज्यांचा प्रतिसाद कमी, त्यांना पुढे धोका जास्त.

वक्राची भाषा वापरली तर हे सहज कळतं. बहुतेकांना उतरतीची गुंगी, मळमळ, जडपणा ‘आता पुरे’ असं सांगतात. ज्याच्यापर्यंत हा निरोप पोचतच नाही तो चौथा, पाचवा, सहावा घेत जातो. त्याचं यकृत, रक्तदाब, जठर यांना सहाच्या सहा पेगचा हिशोब चुकवावा लागतो. चढत नाही म्हणून काही वाचत नाही.

‘चढत नाही’ याचे दोन प्रकार असतात, तेही वेगळे ओळखायला हवेत. काहींना पहिल्यापासूनच कमी जाणवतं, हे बरंचसं घराण्यातून येतं. वडील, काका, आजोबा यांच्यात दारूचं व्यसन असेल आणि तुम्हाला मित्रांपेक्षा कमी चढत असेल, तर या दोन गोष्टी एकत्र मोजा. दुसऱ्यांना पूर्वी दोनात चढायची, आता चार लागतात. ही सवयीतून आलेली सहनशक्ती. मेंदूने रोजच्या दारूला तोंड द्यायला स्वतःची चेतना वरच्या पट्टीवर नेऊन ठेवलेली असते. अशा माणसाला पुढे पुढे तरतरीसाठी पेग लागत नाही, सकाळी हात थरथरू नयेत म्हणून लागतो. उतारा म्हणतात तो हाच. सकाळी थरथर, घाम, छातीत धडधड होत असेल आणि एका घोटाने ते थांबत असेल, तर एका दिवसात एकदम बंद करू नका. दारू काढून घेतल्यावर वर चढवलेली ती पट्टी तशीच राहते आणि फिट्स किंवा भ्रम होऊ शकतो. अशी दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने सोडायची असते. ती तशी सुटते, मी सुटलेली पाहिली आहे.

झोपेचं

एका पेगने झोप लवकर लागते, यात शंका नाही. उतरतीची गुंगीच ती. रात्रीचा पहिला भाग गाढही जातो. बिघडतो तो दुसरा. दारू रक्तातून निघून जायला लागते आणि तिने दाबून ठेवलेली मेंदूची जागेपणाची यंत्रणा उसळी मारते. स्वप्नांची झोप आधी दबलेली असते, ती तुटक तुटक परत येते. आपला गृहस्थ पहाटे तीनच्या सुमारास, आकडा वीस-पंचवीसवर असताना, तहानलेला, घामेजलेला, धडधडत्या छातीने जागा होतो आणि पंख्याकडे बघत पडतो. दुसऱ्या दिवशी झोप झाली नाही म्हणून रात्री पुन्हा पेग घेतो. घोरणाऱ्यांचा घसा दारूने आणखी सैल पडतो, श्वास अडकण्याचे झटके वाढतात. झोपेच्या गोळीशी तुलना करायचीच तर एक गोष्ट लक्षात ठेवा. गोळी आणि पेग या दोन्ही गोष्टी गाबावरच काम करतात, दोन्ही एका रात्री घेतल्या की श्वास मंदावतो. माणसं अशी दगावतात.

आणि झोप म्हणून ज्याकडे पाहिलं जातं ती प्रत्येक वेळी झोप नसते, हे माझ्या कामामुळे मला सांगायलाच हवं. पटापट पिऊन एखादा मित्र सोफ्यावर आडवा होतो. बाकीचे म्हणतात, ‘झोपू दे, सकाळी उतरेल.’ पण तो झोपला तेव्हा शेवटचे दोन-तीन पेग त्याच्या पोटातच असतात. म्हणजे डोळे मिटल्यानंतरही तासभर त्याचा आकडा वर जात असू शकतो. सगळ्यांना वाटतं तो उतरतीला आहे, आणि तो अजून चढतीला असतो. पुरेसा वर गेला तर खोकला आणि उलटीपासून श्वासनलिका वाचवणारी शरीराची सोय बंद पडते, आणि त्यानंतर श्वासही.

त्याला एकट्याला खोलीत बंद करून ठेवू नका. उताणा झोपवू नका. कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडून ठेवा म्हणजे तो पालथा होणार नाही, तोंड किंचित खाली झुकलेलं राहू द्या. जबरदस्तीने उलटी करवू नका, कॉफी पाजू नका, थंड पाण्याखाली नेऊ नका. दर दहा मिनिटांनी हाक मारा आणि खांद्याला जोरात चिमटा काढा. डोळे उघडून किंवा पुटपुटून उत्तर देतो तोवर लक्ष ठेवत बसा, पुढचे दोन-तीन तास तरी. चिमट्यालाही हलला नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास मोजले, दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडलं, ओठ किंवा नखं निळसर दिसली, अंग गार पडलं किंवा फिट आली, तर यातली एकच खूण पुरेशी आहे. १०८ ला फोन करा, आणि किती वाजता शेवटचा पेग घेतला ते पहिल्या वाक्यात सांगा. रुग्णालयात आम्हाला त्यावरूनच कळतं की आकडा अजून चढायचा आहे की उतरायला लागला आहे.